कृषी सेवा केंद्रांसाठी आमचं लाँच कॅरोसेल कसं तयार झालं

सांगलीत आमची तीन जणांची छोटी कंपनी आहे. कृषी सेवा केंद्रांसाठी बिल, स्टॉक आणि उधारी सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही तयार केलं आणि २०२५च्या गुढीपाडव्याला, म्हणजे ३० मार्चला, ते बाजारात आणायचं ठरवलं. त्यासाठीचं कॅरोसेल, म्हणजे इन्स्टाग्रामवर एकामागोमाग सरकवत बघायच्या स्लाइड्स, करायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रोग्रॅमर नाही. ग्राहकांचे फोन घेणं, त्यांना सॉफ्टवेअर शिकवणं आणि जे काही लिहायचं असेल ते लिहिणं, ही माझी कामं. माहिती शोधली तेव्हा जे मिळालं ते बहुतेक मोठ्या कंपन्यांना विकायच्या सॉफ्टवेअरबद्दल होतं. ज्याची निम्मी विक्री उधारीवर चालते आणि ती उधारी ऊसबिलावर फिटते, अशा दुकानदाराशी कसं बोलायचं हे कुठे सापडलं नाही. म्हणून झालं तसं क्रमाने लिहून ठेवते.

आधी तारखेबद्दल, कारण ती चुकली असती तर बाकी सगळं वाया गेलं असतं. पाडवा हा मुहूर्त म्हणून चांगलाच, पण आमच्यासाठी महत्त्वाचा होता त्यानंतर दोन दिवसांनी येणारा १ एप्रिल. त्या दिवशी नवं आर्थिक वर्ष लागतं, बिलांची नवी मालिका सुरू होते आणि ३१ मार्चला दुकानातल्या मालाची मोजदाद झालेलीच असते. नव्या सॉफ्टवेअरला सुरुवातीचा स्टॉक लागतो, तो यादीसकट हातात असतो. याउलट मेच्या मध्यापासून खरिपाचं बियाणं आणि खत उतरायला लागतं, आणि मग जुलैपर्यंत दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो. तुमचं गिऱ्हाईक दुसऱ्या धंद्यातलं असेल तर त्याचं वर्ष कुठे दुमडतं ते आधी बघा आणि लाँचची तारीख त्यावरून ठरवा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमच्या प्रोग्रॅमरने मला फीचर्सची यादी दिली. बॅचनिहाय स्टॉक, एक्स्पायरी ॲलर्ट, ग्राहकनिहाय लेजर, एजिंग रिपोर्ट, व्हॉट्सॲपवर बिल, ऑफलाइन मोड, रोल-बेस्ड ॲक्सेस, क्लाउड बॅकअप, जीएसटी रिपोर्ट आणि असं बरंच काही. यादी बरोबर होती, त्यातली प्रत्येक गोष्ट खरोखर चालत होती. पण ती सॉफ्टवेअरच्या आतून बाहेर बघत लिहिलेली होती. मला दुकानाच्या आतून सॉफ्टवेअरकडे बघायचं होतं, म्हणून पलूसजवळच्या एका केंद्रचालकांना विचारून त्यांच्या दुकानात जाऊन बसायला लागले. आमच्या चाचणीच्या काळात ते सॉफ्टवेअर वापरत होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते.

दुकानात बसल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अण्णांच्या वाचण्याची. फोन काउंटरवरच असतो. गिऱ्हाईक नसलं की ते तो उचलतात, अंगठ्याने दोन-तीन वेळा सरकवतात, तेवढ्यात कुणीतरी करपलेलं पान हातात घेऊन येतो आणि फोन पालथा काउंटरवर जातो. मग पान बघायचं, कुठल्या शेतातलं, मागची फवारणी कधी झाली ते विचारायचं, औषध काढायचं, वहीत लिहायचं. पुन्हा फोन उचलतात तेव्हा मघाशी काय वाचत होते ते त्यांना आठवत नाही, आणि आठवायची गरजही वाटत नाही. त्यावरून मी ठरवलं की प्रत्येक स्लाइड एकटी उभी राहिली पाहिजे. 'पुढे बघा' किंवा 'आणि एवढंच नाही' यावर संपणारी स्लाइड अण्णांसाठी निरुपयोगी होती, कारण पुढची स्लाइड ते कदाचित अर्ध्या तासाने बघणार होते किंवा बघणारच नव्हते.

दुसरी गोष्ट मागच्या कपाटात सापडली. अण्णांनी खालच्या फळीवरून एक खोकं बाहेर ओढलं. आत कीटकनाशकाच्या अर्धा लिटरच्या बाटल्या होत्या आणि मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली होती. "हे बघा ताई. समोर नवा माल लावला, हा मागं राहिला. आता इकायचा नाही, आणि परतही कोण घेत नाही." कीटकनाशक नियमांप्रमाणे असा माल वेगळा काढून, विक्रीसाठी नाही असा शिक्का मारून, फलक लावलेल्या वेगळ्या जागी ठेवावा लागतो. म्हणजे पैसे तर गेलेच, वर जागा आणि नोंदीचं काम वाढलं. खोक्यात चोवीस बाटल्या आणि खरेदी ४१० रुपयांची धरली, तर ९,८४० रुपये त्या फळीवर पडून होते.

आता याच एका फीचरचं काय केलं ते सविस्तर सांगते, कारण बाकीच्या स्लाइड्सनाही तीच पद्धत लावली.

यादीत लिहिलं होतं 'एक्स्पायरी ॲलर्ट'. मी त्याला 'म्हणजे काय होतं?' असं विचारत गेले आणि उत्तरं एकाखाली एक लिहीत गेले. खरेदी नोंदवताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख सॉफ्टवेअरमध्ये जाते. म्हणजे काय होतं? मुदत संपायला ९० दिवस उरले की तो माल एका यादीत दिसायला लागतो. म्हणजे काय होतं? तो आधी विकता येतो, किंवा वितरक घेत असेल तर वेळेत परत पाठवता येतो. म्हणजे काय होतं? पैसे फळीवर अडकत नाहीत. म्हणजे काय होतं? धंद्यात निर्धास्त राहता येतं.

आमच्या टीममधल्या एकाचं म्हणणं होतं की शेवटचं उत्तर सगळ्यात मोठं आहे, तेच पहिल्या स्लाइडवर जाऊ दे. मला ते पटलं नाही. 'निर्धास्त धंदा' हे विमा एजंटही म्हणतो, बँकही म्हणते आणि कुलूप विकणाराही म्हणतो. ते वाचून अण्णांच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. फार वरच्या पायरीवर थांबलं तर फीचर राहतं, फार खाली गेलं तर कुठल्याही मालाला चालेल असं वाक्य उरतं. मी स्वतःसाठी एक खूण ठरवली: दुकानदाराच्या हाताला काहीतरी करायला मिळतं ती पायरी. इथे ती तिसरी होती, माल आधी विकणं किंवा परत पाठवणं. स्लाइडवर शेवटी हे गेलं: 'मुदत संपायच्या ९० दिवस आधी माल नजरेसमोर. विकायला किंवा परत पाठवायला वेळ हातात.'

'पैसे परत मिळतील' असं मी लिहिलं नाही, आणि यावर आमची बरीच चर्चा झाली. परत घ्यायचं की नाही हे वितरक ठरवतो, किती दिवस आधी पाठवायचं याचे नियम प्रत्येकाचे वेगळे. सॉफ्टवेअर फक्त वेळ देतं. जेवढं आपल्या हातात आहे तेवढ्याच फायद्याचं वचन द्यायचं, हा नियम मग सगळ्या स्लाइड्सना लागला. ९० हा आकडाही सेटिंगमध्ये बदलता येतो, कारण काही वितरकांना त्याहून आधी कळवावं लागतं.

आणि फीचर मी काढून टाकलं नाही. त्याच स्लाइडवर खाली, लहान अक्षरात एक ओळ राहिली: 'खरेदी टाकताना बॅच नंबर आणि मुदत नोंदवा, यादी आपोआप तयार होते.' नुसता फायदा लिहिला की दुकानदार विचारतो, हे होणार कसं? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे फीचर. वर फायदा, खाली तो कशामुळे, अशी प्रत्येक स्लाइडची घडण झाली.

उधारीच्या स्लाइडला सगळ्यात जास्त वेळ लागला. आमच्याकडे 'एजिंग रिपोर्ट' होता, म्हणजे कुणाची बाकी किती दिवसांची झाली ते दाखवणारा तक्ता, आणि त्याला जोडून आठवणीचा मेसेज. सरळ अर्थ लावला तर फायदा 'उधारी लवकर वसूल'. मी ती ओळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून अण्णांपुढे ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "लवकर म्हंजे कधी वो? बिल जमा झाल्याशिवाय तो देणार कुठनं? आणि मी रोज मेसेज घालायला लागलो तर पुढच्या सालाला तो दुसऱ्या दुकानात जाईल."

ऊस कारखान्याला पोचला की त्याचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असं ऊस नियंत्रण आदेशात आहे. प्रत्यक्षात ते ज्या दिवशी खात्यावर पडतात, त्या दिवशीच दुकानाची उधारी फिटायची शक्यता असते. त्यामुळे तीस दिवस, साठ दिवस असे रकाने अण्णांच्या उपयोगाचे नव्हते. मी विचारलं, "मग अण्णा, वसुलीच्या वेळी त्रास कशाचा होतो?" ते म्हणाले, हिशेबाचा. शेतकरी म्हणतो मी अकरा हजारांचं नेलं, वही म्हणते चौदा. मधली एक फेरी त्याच्या भावाने नेलेली असते, किंवा एक पोतं परत आलेलं असतं आणि खोडायचं राहिलेलं असतं. वाद नसतो, पण बोलणं अवघडतं, आणि तेवढ्यासाठी अण्णा कधीकधी वरचे पैसे सोडून देतात.

तिथे ती स्लाइड सापडली, आणि ती एजिंग रिपोर्टमध्ये नव्हतीच. ती होती 'व्हॉट्सॲपवर बिल' या साध्या फीचरमध्ये, जे आम्ही यादीत खाली कुठेतरी टाकलं होतं. उधार माल गेला की त्याच वेळी बिल आणि चालू बाकी शेतकऱ्याच्या फोनवर जाते, तेही दुकानदाराच्या स्वतःच्या नंबरवरून. भावाने नेलं असेल तर ते त्याला त्याच संध्याकाळी कळतं, आठ महिन्यांनी नाही. स्लाइडवर लिहिलं: 'ऊसबिल आलं की आकडा दोघांकडे एकच.' खाली: 'प्रत्येक उधार बिल त्याच वेळी शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर.' अण्णांना दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, मुलाला हाक मारली आणि त्याला वाचायला दिलं. एजिंग रिपोर्ट सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण कॅरोसेलमध्ये त्याला जागा दिली नाही.

बाकीच्या स्लाइड्स त्यामानाने लवकर झाल्या. 'रोल-बेस्ड ॲक्सेस'चं झालं: 'तुम्ही लग्नाला गेलात तरी दुकान चालू. कामावरच्या पोराला विक्रीचा भाव दिसतो, खरेदीचा नाही.' 'ऑफलाइन मोड'चं झालं: 'नेट गेलं तरी बिल निघतं', आणि त्याखाली हेही की व्हॉट्सॲपवरची प्रत नेट परत आल्यावर जाते. 'क्लाउड बॅकअप' वेगळी स्लाइड न करता फोन हरवला तरी हिशेब शाबूत राहतो अशी एक ओळ म्हणून कॅप्शनमध्ये घातला. जीएसटी रिपोर्ट गाळला. बियाण्यावर कर नाही, खतावर ५ टक्के, कीटकनाशकावर १८ टक्के, आणि हे सगळं एका बिलात बसवणं दुकानदाराला अवघड वाटत असेल अशी आमची समजूत होती. पण ते काम त्यांचा कर सल्लागार करतो, आणि सल्लागाराला पटवायची भाषा वेगळी असते. त्याच्यासाठी नंतर एक साधं पत्रक केलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दावे तपासले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत ९ जून २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या छोट्या कंपनीलाही लागू होतात आणि एकदा बसून वाचण्यासारख्या आहेत. आमच्या मसुद्यात 'रोज दोन तास वाचवा' असं वाक्य होतं. दोन तास हे आम्ही कुठे मोजलेले नव्हते, कुणी पुरावा मागितला तर दाखवायला काही नव्हतं. ते गेलं. 'पहिला महिना मोफत' असंही होतं, पण त्यासोबत सुरुवातीला नोंदणीचे पैसे घ्यायचा आमचा विचार होता. पैसे घेऊन दिलेल्या गोष्टीला मोफत म्हणता येत नाही. आम्ही नोंदणीची रक्कम रद्द केली आणि 'पहिला महिना मोफत' ठेवलं. ज्यांना जाहिरातीत 'मोफत' लिहायचं आहे त्यांनी आधी गिऱ्हाइकाच्या खिशातून पहिल्या दिवशी काय जातं ते तपासावं.

किमतीवरही बोलणं झालं. वर्षाला ३,६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६४८, एकूण ४,२४८. 'दिवसाला फक्त बारा रुपये' असं लिहायचा एक विचार होता. मी विरोध केला. दुकानदार रोज बारा रुपये देत नाही, एकदम ४,२४८ देतो, आणि आयुष्यभर दरांची तोंडी आकडेमोड केलेल्या माणसाला ही फोड करून दाखवायची गरज नसते. शिवाय कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, त्याच्यासाठी खरी किंमत ४,२४८ हीच. तोच आकडा मोठ्या अक्षरात गेला, फोड त्याखाली.

किमतीच्या आधी मी एक स्लाइड मुद्दाम घातली: 'तुम्हाला काय करावं लागेल.' त्यावर लिहिलं की सुरुवातीचा स्टॉक एकदा भरावा लागेल आणि खरेदी नोंदवताना प्रत्येक बॅचची मुदत टाकावी लागेल, नाहीतर मुदतीची यादी येणार नाही. लाँचच्या जाहिरातीत काम कशाला सांगायचं, असा प्रश्न टीममध्ये आला. पण चाचणीत मी बघितलं होतं की मुदत न टाकता खरेदी नोंदवणारे दुकानदार महिनाभरात 'सूचना येत नाही' म्हणून फोन करतात. तो फोन विकल्यानंतर येण्यापेक्षा आधी आलेला बरा.

अण्णांचं एक वाक्य आम्हाला स्लाइडवर हवं होतं. त्यासाठी मराठीत अर्ध्या पानाचं संमतीपत्र केलं: कुठलं वाक्य, कुठे कुठे दिसेल, किती काळ, आणि नको वाटलं तर कधीही काढता येईल. अण्णा म्हणाले, मुलाला वाचून दाखवतो. सही यायला आठवडा लागला. फोटोला मात्र त्यांनी नाही म्हटलं, म्हणून चेहऱ्याऐवजी काउंटर आणि बिल देणारा हात एवढंच छायाचित्र घेतलं. या कामाला वेळ धरूनच चला, कारण सही आल्याशिवाय डिझायनरला पुढे जाता येत नाही. स्क्रीनच्या चित्रांसाठी आम्ही वेगळं नमुना खातं तयार केलं, ज्यात शेतकऱ्यांची नावं, फोन नंबर आणि औषधांची नावं सगळी काल्पनिक होती. खऱ्या खात्यातलं चित्र घेऊन नावं पुसण्यात एखादं राहून जातं, आणि कुणाची उधारी किती हे गावात फिरणं ही गंभीर गोष्ट आहे.

डिझायनरला ४,५०० रुपये दिले. माप १०८० बाय १३५० पिक्सेल. इन्स्टाग्राम सगळ्या स्लाइड्सना पहिल्या स्लाइडचं प्रमाण लावतं, म्हणून सगळ्या एकाच मापाच्या ठेवा. जानेवारी २०२५पासून प्रोफाइलवरचे चौकोन जाऊन तीनास चार प्रमाणाचे उभे आयत आले. त्यामुळे या मापाच्या चित्राच्या दोन्ही कडा प्रोफाइलवर सुमारे ३४-३४ पिक्सेल कापल्या जातात. आम्ही दोन्ही बाजूंनी ८० पिक्सेल मोकळे सोडले.

देवनागरीचा त्रास ज्यांनी भोगलाय त्यांना पुढचं माहीत असेल, बाकीच्यांसाठी लिहिते. डिझायनरकडून पहिली फाइल आली तेव्हा 'शिल्लक'मधली पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर गेली होती आणि 'विक्री'तलं जोडाक्षर पाय मोडून उभं होतं. फोटोशॉपमध्ये World-Ready Layout निवडलेलं नसलं की असं होतं. ते निवडून मजकूर नव्याने टाकल्यावर नीट झालं. तेव्हापासून कुठलीही फाइल आली की मी आधी 'शिल्लक', 'विक्री', 'वर्ष' आणि 'क्विंटल' हे चार शब्द बघते. फाँट मुक्त परवान्याचा 'मुक्ता' घेतला. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकतात, म्हणून ते अक्षराच्या उंचीच्या दीडपटीजवळ नेलं. पार्श्वभूमी पांढरट, अक्षरं गडद हिरवी. गडद पार्श्वभूमीचा पर्याय संगणकावर देखणा दिसत होता, पण दुकानाच्या दारात उन्हात फोन धरून बघितला तेव्हा त्यात बघणाऱ्याचाच चेहरा दिसला.

खरी कसोटी व्हॉट्सॲपवर होती. आमचे दुकानदार इन्स्टाग्राम बघतात, पण एकमेकांना दाखवतात ते तालुक्याच्या विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे आठ चित्रं एकत्र पाठवली की चारच छोटी चित्रं दिसतात आणि चौथ्यावर उरलेल्यांचा आकडा चढतो. म्हणजे न उघडता नीट दिसतात ती तीन. त्यावरून क्रम बदलला. पहिल्या स्लाइडवर प्रश्न होता, 'कपाटातलं कुठलं औषध आधी संपवायचं?' दुसरी मुदतीची, तिसरी उधारीची. आधी पहिल्या स्लाइडसाठी 'यंदा किती माल मुदतबाह्य निघाला?' असा प्रश्न लिहिला होता, पण तो ग्रुपमध्ये चारचौघांसमोर दुकानदाराला जाब विचारल्यासारखा वाटला असता, आणि असलं चित्र कुणी पुढे पाठवत नाही. प्रत्येक स्लाइडच्या तळाला आमचं नाव आणि फोन नंबर घातला, कारण पुढे पाठवताना लोक आवडलेलं एकच चित्र पाठवतात.

पाठवण्याआधी चार दुकानदारांना एकेक स्लाइड फोनवर दाखवली आणि एवढंच विचारलं, "यात काय सांगितलंय?" आवडली का, असं विचारलं नाही, कारण भिडेखातर सगळे हो म्हणतात. नेट गेल्यावर बिल निघतं, या स्लाइडवर एकांना वाटलं की व्हॉट्सॲपसुद्धा नेटशिवाय जातं. खालची ओळ लहान होती. ती मोठी केली. ही तपासणी प्रसिद्धीआधीच करा. इन्स्टाग्रामवर नंतर कॅप्शन सुधारता येते, पण स्लाइडवरचं चित्र बदलता येत नाही.

३० मार्चला सकाळी पोस्ट टाकली आणि ग्रुपवर चित्रं पाठवली. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांपुरती ती पोस्ट जाहिरात म्हणून दाखवायला ३,००० रुपये ठेवले, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,५४० लागले. जाहिरात खात्यात आपला जीएसटी क्रमांक आधी भरून ठेवा, म्हणजे त्या कराची वजावट घेता येते. जाहिरात तपासून मंजूर व्हायला दुसरा दिवस उजाडला. मुहूर्त साधायचा असेल तर ती आदल्या दिवशीच भरून ठेवलेली बरी.

फोन पाडव्याला दुपारपासूनच यायला लागले, आणि जास्त करून ग्रुपवरून चित्र बघितलेल्यांचे. "ते आकडा दोघांकडे एकच म्हणून आलंय ते तुमचंच का?" अशी सुरुवात बऱ्याच जणांची. मोठी वाक्यं कुणी परत म्हणून दाखवली नाहीत, पण ऊसबिलाची ओळ त्यांच्या तोंडात बसली होती. 'तुम्हाला काय करावं लागेल' ही स्लाइड वाचून फोन करणारे लोक वेगळे कळायचे. ते किमतीवर घासाघीस न करता सुरुवातीचा स्टॉक भरायला कुणी येईल का, हे विचारायचे.

आणि जवळजवळ प्रत्येकाने विचारलेला प्रश्न आमच्या एकाही स्लाइडवर नव्हता: वहीतली जुनी उधारी कशी चढवायची? त्यांना वाटत होतं की दोन-तीन वर्षांची सगळी बिलं पुन्हा टाकावी लागतील. तसं काही नाही, प्रत्येक शेतकऱ्याची ३१ मार्चची शिल्लक तेवढी टाकायची, वही जपून ठेवायची. एप्रिलमध्ये त्याची नववी स्लाइड केली: 'जुन्या वहीतली फक्त शेवटची बाकी टाका. मागची बिलं नकोत.' खाली वहीच्या पानाशेजारी स्क्रीनचं चित्र, दोन्हीकडे आकडा एकच. ती एकटीच ग्रुपवर पाठवली, आणि खरिपाचा माल उतरायच्या आधी, मेच्या पहिल्या आठवड्यात, आणखी एकदा पाठवली.